ठाण्याचे ३६ टक्के आले कुठून?

"ठाणेकरांनो, जागे व्हा! दहा वर्षांत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ३६ टक्क्यांनी वाढली, ती सगळी परराज्यातल्या लोंढ्यांमुळे. जनगणनेतला स्थलांतरितांचा आकडा बघा, म्हणजे कळेल. त्यांनी घरं अडवली म्हणून भूमिपुत्राला घर मिळत नाही. आज तर आपण दीड कोटीच्या पुढे गेलोय. पुढे पाठवा."

पालकांच्या ग्रुपवरून फिरत फिरत हा मजकूर आमच्या नववीच्या वर्गात पोचला. एका मुलाने तो स्थलांतराच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला होता. मी नवी मुंबईत भूगोल शिकवतो. वहीवर लाल रेघ मारून भागलं असतं, पण मग मुलांना एवढंच कळलं असतं की सरांना हे आवडलं नाही. म्हणून त्यातल्या एकेका वाक्यावर प्रश्न काढले.

३६ टक्के हा आकडा खरा आहे. २००१ मध्ये ८१ लाख ३२ हजार, २०११ मध्ये १ कोटी १० लाख ६० हजार. तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता, तो २०१४ मध्ये झाला. त्यामुळे हा आकडा वसई-विरारपासून जव्हारपर्यंत सगळ्यांचा आहे. पहिला प्रश्न होता: याच दहा वर्षांत खाडीपलीकडे काय झालं? मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, लोकसंख्या चक्क घटली: ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर. उपनगर जिल्हा जेमतेम ८ टक्क्यांनी वाढला. आता तिन्ही जिल्ह्यांची बेरीज करा. २००१ मध्ये २ कोटी १ लाख, २०११ मध्ये २ कोटी ३५ लाख. वाढ १६.९ टक्के. अख्ख्या महाराष्ट्राची वाढ १६ टक्के.

बेरीज झाल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, म्हणजे मुंबईचेच इकडे आले?" बऱ्याच अंशी हो. गिरण्या बंद पडल्या, मार्केट हललं, चाळीतली खोली एका भावाकडे राहिली आणि दुसऱ्याने ठाण्यात किंवा ऐरोलीत घर घेतलं. लोकसंख्या महामुंबईच्या आतल्या आत सरकली, आणि नेमक्या ज्या जिल्ह्यात ती येऊन थांबली त्याचीच टक्केवारी उचलून मेसेज लिहिला गेला.

इथे घाई मात्र नको. तिन्ही जिल्ह्यांची वाढ राज्याइतकीच निघाली म्हणजे परराज्यातून कुणी आलंच नाही, असं होत नाही. मुंबईत जन्मदर राज्याच्या सरासरीपेक्षा कमी, म्हणजे या वाढीत बाहेरून आलेल्यांचा वाटा असणारच. शिवाय जे गावी परतले किंवा पुण्या-नाशकाला गेले ते या बेरजेतून वजा झालेले असतात. आले किती, गेले किती हे वेगवेगळं कळायला स्थलांतराचे तक्ते उघडावे लागतात, आणि मेसेजचं दुसरं वाक्य नेमकं तिथेच घसरतं.

जनगणनेच्या लेखी स्थलांतरित म्हणजे परप्रांतीय नव्हे. ती दोन गोष्टी विचारते: जन्म कुठे झाला, आणि इथे येण्याआधी शेवटचं राहणं कुठे होतं. दोन्हींपैकी उत्तर दुसऱ्या गावाचं किंवा शहराचं आलं की तुम्ही त्या त्या तक्त्यात स्थलांतरित. नौपाड्यातून घोडबंदर रोडला गेलात तर नाही, कारण शहर तेच. परळहून घोडबंदरला गेलात तर हो. पुढे कारण विचारतात: काम, शिक्षण, लग्न, कुटुंबासोबत, जन्मानंतर.

मुलांना घरून तीन पिढ्यांची माहिती आणायला सांगितली. घणसोलीच्या माथाडी वसाहतीत राहणाऱ्या एका मुलीचा कागद मी सगळ्यांसमोर फळ्यावर उतरवला. आजोबांचा जन्म पाटण तालुक्यातला; ते मस्जिद बंदरला कांदा-बटाट्याच्या गोण्या उचलायचे आणि घाऊक बाजार तुर्भ्याला आला तेव्हा मागोमाग इकडे आले. जन्मस्थानाच्या तक्त्यात ते साताऱ्याहून आलेले, पण शेवटच्या वास्तव्याच्या तक्त्यात मुंबईहून आलेले. तिथे पाटण कुठे दिसतच नाही. वडील मुंबईत जन्मलेले, म्हणून तेही स्थलांतरित. आई कराडची, कारण लग्न. आणि ही मुलगी? पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे जन्म कराडचा, सव्वा महिन्याची असताना घणसोलीत आली. कारणाच्या रकान्यात "जन्मानंतर". चौघंही स्थलांतरित, राज्याबाहेरचं कुणी नाही. ती म्हणाली, "म्हणजे मीपण लोंढ्यात?" वर्ग हसला, पण मुद्दा पोचला.

मग मीच उलटा प्रश्न टाकला: आपल्या वर्गात बहुतेक जण महाराष्ट्रातलेच निघाले, म्हणजे मेसेज खोटा ठरला का? नाही ठरला. मराठी शाळेच्या वर्गात मराठी घरंच सापडणार. दोन गल्ल्या सोडून हिंदी शाळेत हाच कागद भरला तर चित्र वेगळं निघेल. वर्गातल्या पाहणीने तक्ता कसा वाचायचा ते समजतं, तक्ता मोडीत काढता येत नाही. हे उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण दिले.

घरांच्या बाबतीत मुलांनी स्वतः फिरून पाहिलं. पहिल्या गटाने रात्री नवीन टॉवरच्या अंधाऱ्या खिडक्या मोजल्या. चांगली सुरुवात, पण कच्ची: कुणी रात्रपाळीला असतं, कुणी गावी. जनगणनेतही कुलूपबंद पण वापरातलं घर आणि रिकामं घर वेगवेगळं मोजतात. म्हणून दुसऱ्या खेपेला दोरीवरचे कपडे, ग्रिलला अजून चिकटलेलं प्लास्टिक आणि वॉचमनचं म्हणणं अशी जोड दिली. २०११ मध्ये देशाच्या शहरांत एक कोटीहून जास्त घरं रिकामी होती. केंद्राच्या तांत्रिक गटाने २०१२ साठी शहरी घरांची तूट काढली ती १ कोटी ८८ लाख, आणि त्यातली सुमारे ८० टक्के तूट दाटीवाटीची: म्हणजे घर आहे, पण माणसांना पुरत नाही. ९५ टक्क्यांहून जास्त तूट दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांत. रिकामी घरं एकीकडे आणि गरज दुसरीकडे, मधे किंमत.

दुसरा गट गावठाणात गेला. एका चार मजली इमारतीच्या जिन्याखाली विजेचे मीटर एकावर एक लावलेले, प्रत्येकाखाली रंगाने खोली नंबर. मीटर मोजले की खोल्या कळतात, आणि खोलीमागे माणसं किती ते विचारलं की दाटी कळते. या इमारती गरजेपोटी बांधलेल्या. सिडकोने शेती घेतल्यावर अनेक आगरी-कोळी घरांना भाड्याचाच आधार उरला, आणि भाडेकरू बिहार-उत्तर प्रदेशातलेही आहेत, सांगली-बीडचेही. ज्याने भूमिपुत्राचं घर अडवलं म्हणतात, तो इथे भूमिपुत्रालाच डिपॉझिट मोजून राहतो. आमच्या वर्गात अशा घरमालकाचा नातू आहे. त्याला हे समजावून सांगावं लागलं नाही.

राहिला आजचा आकडा. २०११ नंतर जनगणना झालेली नाही. २०२१ ची पुढे ढकलली गेली आणि नवीनची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मधल्या वर्षांचा कुठलाही आकडा अंदाज असतो, आणि तो कुठल्या हद्दीचा हे विचारल्याशिवाय वापरायचा नाही. ठाणे म्हणताना पालघर धरलंय का? नवी मुंबई म्हणताना फक्त दिघा ते बेलापूर, की पनवेल महापालिकेतलं खारघर-कामोठेही? मेसेजमध्ये यातलं काहीच नव्हतं, म्हणून त्या मुलाने ते वाक्य खोडलं आणि समासात लिहिलं: "हद्द दिलेली नाही."