साडेसहाचे बारा कसे झाले

बँकेच्या भांडवलाच्या रेशोवर मी एक लेख लिहिला होता, त्यात शंभर कोटीच्या एका बँकेचा रेशो बारा टक्के काढला होता. त्याखाली ही कमेंट आली:

"शंभर कोटीच्या बँकेत साडेसहा कोटी भांडवल म्हणजे साडेसहा टक्के, तुम्ही बारा कुठनं काढलं? ही आकड्यांची हातचलाखी आहे. सरकारी रोख्याला शून्य लावणंही चूक. आणि एनपीएचं काय? पुस्तकं वाचून बँक चालत नसते."

साहेब, शेवटचं वाक्य टाकायच्या आधी एकदा विचारायचं तरी होतं. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका सहकारी बँकेत मी एकोणीस वर्षं काढली, त्यातली सात वर्षं मार्चएंडचं सीआरएआर स्टेटमेंट, म्हणजे धोक्याच्या मानानं बँकेचं भांडवल किती याचा हिशोब, माझ्याच टेबलावर तयार व्हायचं. प्रश्न कितीही विचारा, पण हातचलाखी हा शब्द मला लागलाय.

रोख्याचं मान्य. क्रेडिट रिस्क शून्य असली तरी अर्बन बँकेला त्यावर मार्केट रिस्कचे २.५ टक्के धरायला लागतात, ते लेखात राहिलं, दुरुस्त करतो.

आता बाराचं. भागायचं असतं रिस्क वेटेड अ‍ॅसेट्सनी, म्हणजे प्रत्येक रकमेला तिच्या धोक्याप्रमाणे टक्के लावून येणाऱ्या बेरजेनं, अख्ख्या बॅलन्सशीटनं नाही. लेखातल्या त्याच बँकेचे शंभर कोटी बघा. रोकड ५ कोटी, तिला शून्य. रोखे २५ कोटी, २.५ टक्क्यांनी झाले ०.६२५. दुसऱ्या बँकांतल्या ठेवी १० कोटी, २० टक्क्यांनी २. घरकर्जं २० कोटी, ५० टक्क्यांनी १०. व्यापाऱ्यांची कर्जं ३५ आणि इमारत-फर्निचर ५, ही पूर्ण शंभर टक्क्यांनी. बेरीज ५२.६२५ कोटी, आणि साडेसहाला तिनं भागलं की १२.३५ टक्के येतात.

आता १० कोटींचे रोखे विकून ते पैसे गुळाच्या व्यापाऱ्यांना कर्ज दिले असं धरा. बॅलन्सशीट शंभरच राहील, तुमचे साडेसहा टक्केही जागचे हलणार नाहीत, पण धोका वाढला की नाही? रिस्क वेटेड अ‍ॅसेट्स ६२.३७५ वर जातात आणि रेशो १०.४२ वर येतो. ठेवी शंभर कोटींच्या आत म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत टिअर १, किमान ९ टक्के लागतात, म्हणून ही बँक अजून पास आहे, पण बोर्डाला घसरण दिसते ती याच आकड्यात.

हातचलाखी होतच नाही असं मी म्हणत नाही, पण ती वजनात नसते, कर्ज कुठल्या रकान्यात टाकलं त्यात असते. एका इन्स्पेक्शनला राजारामपुरीतली फाईल उघडली, तर खाली गाळा, वर दोन खोल्या, कर्ज गाळ्यासाठी आणि एंट्री मात्र घरकर्जात ५० टक्क्यांनी. अशी ४ कोटींची निघाली तर वरच्या हिशोबात २ कोटी वाढून रेशो १२.३५ चा ११.९० होतो. तेव्हापासून मी घरकर्जाच्या यादीवर सही करायच्या आधी सॅन्क्शन लेटर आणि व्हॅल्युएशन रिपोर्ट दोन्ही काढून बघायचो, कारण ३० लाखांच्या आतल्या कर्जालाही ५० टक्के वजन मिळतं ते कर्ज घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या आत असलं तरच.

एनपीएचा विषय वेगळा आहे, तरतूद कमी केली की वरचा साडेसहाचा आकडाच खोटा ठरतो, पण तो लेख भागाकाराच्या खालच्या आकड्यावर होता आणि हे पहिल्याच ओळीत लिहिलंय. ती ओळ तुम्ही वाचलेली दिसत नाही.