पहिला महिना फुकट

दादरला दोन खोल्यांत बसून मी लहान दुकानदारांची खाती लिहिते. या धंद्यात आकड्यांचा त्रास नसतो. त्रास असतो तो नव्या दुकानदाराला पाठवायच्या ईमेलचा. त्यात सांगायचं इतकंच असतं, की दर महिन्याला तुम्हाला अमुक अहवाल मिळतील आणि पहिला महिना ट्रायल, म्हणजे फी नाही. यावर एकाने गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' पाठवली. एकाने रबरी शिक्क्याचा भाव विचारला. बाकीचे बहुतेक लिहितात, 'आमचा सीए जीएसटी भरतो.'

२० तारखेला जीएसटीआर-३बी भरला की हिशेब झाला, अशी लालबागपासून बोरिवलीपर्यंत श्रद्धा आहे. त्या रिटर्नमध्ये विक्री असते, तिच्यावरचा कर असतो आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट असते. दुकानात माल किती पडून आहे, मदतनीस मुलाचा पगार किती, कुणाकडे किती थकलंय, हे सरकार त्यात विचारतच नाही. त्यामुळे महिन्याचा नफा त्यातून सरकारलाही कळत नाही आणि दुकानदारालाही नाही. ही गोष्ट मी ईमेलमध्ये ठळक अक्षरांत घातली. ठळक अक्षरं लोक जाहिरात समजून सोडून देतात.

परळच्या एका स्टेशनरीवाल्या काकांनी मात्र ईमेल वाचला. निदान 'फुकट' एवढा शब्द तरी वाचला. ट्रायल त्यांनी मे महिन्याची घेतली. स्टेशनरीच्या दुकानाला हा सगळ्यात तिरका महिना. शाळा बंद, त्यामुळे गिऱ्हाईक कमी, आणि जूनच्या तयारीसाठी अब्दुल रहमान स्ट्रीटवरून वह्यांचे गठ्ठे येऊन माळ्यापर्यंत रचलेले.

आम्ही मागितली होती विक्रीची बिलं, खरेदीची बिलं, बँकेचं स्टेटमेंट आणि १ मेला दुकानात असलेल्या मालाची यादी. पहिल्या तिन्ही गोष्टी वेफर्सच्या एका पिशवीतून आल्या. स्टेटमेंटमध्ये दर रविवारी ठरावीक रकमांची रांग लागलेली. एवढे पेन रविवारी कोण घेतं म्हणून विचारलं, तर ती चाळीच्या अंडरआर्म क्रिकेटची एंट्री फी निघाली. क्यूआर कोड दुकानाचा, स्पर्धा चिरंजीवांची. विक्रीतून ती वगळली, तेव्हा काकांचा चेहरा कुणीतरी गल्ल्यात हात घातल्यासारखा झाला.

"आणि मालाची यादी?"

"अगं, माल मोजायचा कशाला? मला तोंडपाठ आहे."

मग मी अहवाल पाठवला. वर पहिल्याच ओळीत लिहिलं, 'शिल्लक माल धरलेला नाही, आकडा कच्चा आहे.' विक्री अडीच लाख, खरेदी ४ लाख २० हजार, आणि भाडं, पगार, लाईट बिल वगैरे खर्च ३८ हजार. तोटा २ लाख ८ हजार.

दहा मिनिटांत फोन. "दोन लाख तोटा? मग हे दुकान इतकी वर्षं काय देवळातल्या दानपेटीवर चाललंय का?"

खरं तर असा अहवाल चुकीचा आहे हे ओळखायला हिशेबनीस लागत नाही. ऐंशीला आणून शंभराला विकणाऱ्या माणसाला विकलेल्या मालावर तोटा होऊच शकत नाही. तसा दिसला, तर समजावं की न विकलेला मालही खर्चात गेलाय. महिन्याच्या सुरुवातीचा माल अधिक खरेदी, वजा शेवटी उरलेला माल, एवढाच विकलेल्या मालाचा खर्च. उरलेला माळ्यावर बसून जूनची वाट बघत असतो.

अखेर काका, चिरंजीव आणि मदतनीस मुलगा रात्री शटर अर्धं ओढून मोजायला बसले. ३१ मेचा माल निघाला ५ लाख २० हजारांचा. तोही खरेदीच्या भावाने. काका छापील किमतीने मोजत होते, म्हणजे विकण्याआधीच नफा खिशात. पण १ मेचा माल आता कोण मोजणार? तो महिना उलटून गेला होता. मग उलटं गणित केलं. काका म्हणतात, शंभराच्या विक्रीत वीस सुटतात. म्हणजे अडीच लाखांच्या विक्रीत दोन लाखांचा माल गेला. त्यात उरलेले ५ लाख २० हजार मिळवले आणि खरेदीचे ४ लाख २० हजार वजा केले, तर सुरुवातीचा माल तीन लाख. आता विक्रीवर सुटले पन्नास हजार, त्यातून खर्च ३८ हजार, नफा १२ हजार.

काका खूश. मी नव्हते. कारण हे वीस टक्के काकांनीच सांगितलेले. म्हणजे पहिल्या महिन्याचा नफा काकांनी तोंडी सांगितला आणि मी तो छापून दिला. खरा आकडा जूनचा, कारण त्याला दोन्ही टोकांना मोजलेला माल असणार. ट्रायलची गंमत ही अशी: आमची मेहनत सगळ्यात जास्त याच महिन्यात, आणि अहवाल सगळ्यात कमी भरवशाचा याच महिन्यातला. हे ईमेलमध्ये लिहिलं तर ट्रायल कोण घेईल, म्हणून भागीदारीणबाई ते वाक्य खोडतात. मी परत लिहिते.

काकांची खुशी तासभर टिकली. मग दुसरा अहवाल उघडला, पैसा कुठून आला आणि कुठे गेला त्याचा. त्यात रोकड आणि बँक मिळून १ लाख ३ हजारांनी घट.

"एकीकडे बारा हजार नफा म्हणतेस, आणि पैसे लाखाने कमी?"

"काका, विक्रीतले तीस हजार उधार गेले, म्हणजे हातात आले दोन लाख वीस हजार. खरेदीपैकी तुम्ही चुकते केले अडीच लाख, उरलेले एक लाख सत्तर हजार अजून व्यापाऱ्यांना द्यायचेत. खर्च ३८ हजार. आणि घरी नेले ३५ हजार."

"ते घरखर्चाचे ना? मग नफ्यात का नाही धरलेस?"

"मालकाने घरी नेलेले पैसे हा दुकानाचा खर्च नसतो. ती उचल."

"घरखर्च हा खर्च नाही? हे तुझ्या काकूला सांगून बघ."

सांगायची गरज पडली नाही. काकांचा ईमेल चिरंजीवांनी काढून दिलेला, आणि तो उघडतो काकूंच्या फोनवर. तिसरा अहवाल उधारीचा असतो: कुणाची ३० दिवसांच्या आतली, कुणाची ६० दिवसांची, कुणाची ९० दिवसांच्या पुढची. शेवटच्या रकान्यात सगळ्यात वर काकांच्या धाकट्या भावाचं नाव होतं. क्लास चालवतो, वह्या नेतो, 'लिहून ठेव' म्हणतो.

आजवर आमच्या ईमेलला इतकं लांब उत्तर कुणी लिहिलं नव्हतं. काकूंनी लिहिलं, की जूनपासून फी द्यायला हरकत नाही, माल दर महिनाअखेरीला त्या स्वतः उभं राहून मोजून घेतील, आणि नफा-तोट्याचा अहवाल महिन्याने आला तरी चालेल; उधारीचा मात्र दर सोमवारी पाठवावा. भाऊजींना एक प्रत परस्पर गेली, तर त्याचे वेगळे पैसे पडतील का?