कुणबी आणि कुणबीण

रविवारी सकाळी पाराजवळच्या कट्ट्यावर वाद सुरू झाला तो 'बटीक' या शब्दावरून. एखादी संस्था सरकारची बटीक झाली, असे वर्तमानपत्रात वाचून सुहास म्हणाला, "हा शब्द पहिल्यापासूनच शिवी असणार." अनघाला ते मान्य नव्हते. पेशवाईच्या कागदांत बटीक म्हणजे विकत घेतलेली किंवा गुलाम म्हणून ठेवलेली बाई, एवढाच त्याचा अर्थ होता आणि कारकून तो शब्द कोणताही राग मनात न धरता हिशेबात लिहीत असे, असे तिने सांगितले.

"पण त्याहून विलक्षण शब्द 'कुणबीण' आहे," ती पुढे म्हणाली. कुणबी म्हणजे शेतकरी, आणि त्याची बायको ती कुणबीण. अठराव्या शतकातल्या मराठी कागदांत मात्र याच शब्दाचा अर्थ सर्रास 'गुलाम स्त्री' असा होतो. अशा बायका खरेदी केल्या जात, आणि व्यभिचाराचा आरोप सिद्ध झालेल्या बाईलाही सरकार गुलाम करत असे. या काळात 'कुणबी' या पुल्लिंगी शब्दाला मात्र धक्का लागला नाही.

मुकुंदने शंका काढली की हा अर्थाचा ऱ्हास कशावरून, हे तर दोन वेगळे अर्थ झाले. त्यावर अनघाने जोडी तपासायला सांगितले: नायक म्हणजे पुढारी, पण नायकीण म्हणजे गणिका, कलावंताला मान, पण कलावंतीण म्हटले की लोकांच्या नजरा बदलत. एकाच धातूच्या नाण्याची एकच बाजू झिजत असेल, तर कारण धातूत नसून ते हाताळणाऱ्यांत असते. मला तिचा हा मुद्दा पटला, कारण शब्दाच्या व्युत्पत्तीत हीनपणा असता तर तो दोन्ही रूपांत उतरला असता.

सुहास तरीही अडून बसला. जनाबाई स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवते, त्यात अपमान कुठे आहे, असे त्याने विचारले. प्रश्न चांगला होता. मला वाटते, तिथे दास्य जनाबाईने स्वतः पत्करलेले आहे आणि शब्द तिच्याच तोंडचा आहे. मालकाच्या तोंडी आल्यावर 'दासी'ला 'दासीपुत्र' ही शेपूट लागलीच.

१८४३च्या कायद्याने ब्रिटिश अमलातल्या मुलखात गुलामगिरीला कायद्याचे बळ उरले नाही. 'मोलकरीण' या शब्दात तर 'मोल', म्हणजे मजुरी, आहे. म्हणजेच फुकट राबणाऱ्या बटकीपेक्षा तिचा दर्जा वेगळा आहे, हे तो शब्दच सांगतो. तरीही आज तो तोंडावर म्हणवत नाही, आपण 'कामवाली', 'मावशी' असे म्हणतो, आणि २००८च्या राज्याच्या कायद्यात 'घरेलू कामगार' आहे.

निघताना मुकुंदने पुन्हा ते वर्तमानपत्र उघडले. आयोग पुल्लिंगी असला, तरी तो सरकारची 'बटीक' झाला असेच लोक लिहितात, हे त्याच्या लक्षात आले होते.