फोन मावशीचा, हॅलो कुणाचा?

रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर मावशीच्या नावाखाली एकच शब्द उगवतो, 'हॅलो'. वास्तविक संशय इथेच यायला हवा, कारण मावशी हॅलो म्हणत नाही. ती थेट सूर्योदय, गुलाब आणि सुविचार पाठवते. पण आपण भाबडे. 'काय गं मावशी, गुडघा कसा आहे? काकांनी गोळ्या आणल्या की परत विसरले?' असं एका दमात लिहून मोकळे होतो. निळ्या खुणा उमटतात आणि उत्तर येतं, 'Mavshi nahi. Phone mavshicha ahe. Mi boltoy.'

मी! दार वाजल्यावर 'कोण आहे?' विचारलं की 'मी' म्हणणारी जी जमात आहे, तिने आता टायपिंग शिकून घेतलंय.

यात व्हॉट्सअ‍ॅपचा दोष नाही. पडद्यावर दिसणारं 'मावशी' हे नाव आपणच आपल्या फोनमध्ये साठवलेलं असतं. ते नंबराला चिकटलेलं, माणसाला नव्हे. पूर्वी कार्डावर शेजाऱ्यांचा पी.पी. नंबर छापायचे, तेव्हा बरं होतं. आधी मालक फोन उचलायचा, 'थांबा, बोलावतो' म्हणायचा आणि मग हवा तो माणूस धापा टाकत यायचा. आता मालक स्वयंपाकघरात आणि फोन हॉलमध्ये, ज्याच्या हाताला लागेल त्याचा.

तेव्हा नुसत्या हॅलोला उत्तर द्यायचं ते नुसत्या हॅलोनेच. गुडघा, गोळ्या, काका हे सगळं दुसऱ्या मेसेजसाठी राखून ठेवावं. पुढचा प्रश्न 'कोण बोलतंय?' हाच आणि असाच. 'कोण बोलतोय' लिहावं तर तिकडे एखादी वहिनी निघते, 'कोण बोलतेय' लिहावं तर मिशा फुटलेला भाचा दुखावतो. 'आपण कोण?' विचारलं तर वसुलीला आल्यासारखं वाटतं. मराठीत नपुंसकलिंग आहे ते अशाच प्रसंगासाठी, असं माझं ठाम मत आहे. ओळख पटेपर्यंत 'तुम्ही' धरून चालावं, कारण 'काय करतोस' आणि 'काय करतेस' यांत फसायला होतं, 'काय करता' मात्र सगळ्यांना चालतं. फार जवळीक दाखवायची असेल तर 'कुठे आहेस?' विचारावं, त्यातही लिंग कळत नाही. समोरच्याने 'बोलतोय' लिहिलं म्हणून तो पुरुषच, हेही गृहीत धरू नये. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका खुशाल 'मी आलो' आणि 'मी जातो' म्हणतात.

एवढं विचारूनही नाव येईलच असं नाही. 'अरे मी! ओळखलं नाहीस?' असं येतं. इथे चिडू नये, नात्याचा शब्द पकडावा. फोनची मालकीण आपली मावशी आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. आता समोरचा तिला काय म्हणतो ते बघायचं. तोही 'मावशीचा फोन' म्हणाला तर तो आपलाच भाऊ किंवा दुसऱ्या मावशीचा मुलगा. 'आत्याचा फोन' म्हणाला तर मामाकडचं कुणीतरी. 'काकूचा' म्हणाला तर तिच्या दिराचं पोर आणि 'मामीचा' म्हणाला तर नणंदेचं. 'ताईचा' म्हणाला तर सावध, तो खुद्द आपला मामा असू शकतो आणि आपण त्याला आताच 'कोण बोलतंय?' विचारलेलं असतं. या पद्धतीला मर्यादा एकच, मावशी आणि काकू हे शब्द आपण जगात कुणालाही लावतो. समोरचा खालच्या मजल्यावरचा असेल तर सगळं गणित कोसळतं. मग सरळ 'नाव सांगा' म्हणावं, त्यात कमीपणा नाही.

समजा ओळख पटली. मावसभाऊ निघाला. त्याचा फोन चार्जिंगला लागलाय, म्हणून मावशीचा घेतलाय. खरा घोळ इथून पुढे आहे, कारण आपण लिहिलेलं प्रत्येक अक्षर आता दोघंजण वाचणार असतात. आत्ता मावसभाऊ आणि उद्या सकाळी चष्मा लावून मावशी.

मावसभाऊ लिहितो, 'मावशीच्या साठीला साडी घेतोय. तुझे 500 पाठव. तिला कळता कामा नये.' गुप्त कट, आणि तो जिच्याविरुद्ध आहे तिच्याच फोनवरून! आपण उत्साहाने लिहितो, 'देतो. पण तिला रंग विचारू नकोस, ती जांभळाच सांगेल. जांभळ्यात ती फार जाड दिसते.' मावसभाऊ शहाणा. फोन परत देण्याआधी तो स्वतःचे सगळे मेसेज दाबून धरतो आणि 'Delete for me' करतो. त्याचे मेसेज त्या फोनवरून जातात, आपले मात्र तसेच राहतात. म्हणजे मावशीच्या पडद्यावर संदर्भ गायब आणि आपलं उत्तर तेवढं शाबूत, उखाण्यातल्या ओळी पुसून नाव तेवढं ठेवल्यासारखं.

आपल्याला हे वेळेवर सुचलं तर मेसेज पाठवल्यापासून 15 मिनिटांत तो बदलता येतो. पूर्ण काढायचा तर 'Delete for everyone' करायला साधारण अडीच दिवस मिळतात. पण तिथे मेसेज काढल्याची नोंद राहतेच, आणि 'काय काढलंस रे?' या प्रश्नाचं उत्तर देण्यापेक्षा जांभळ्या साडीची शिक्षा परवडली. म्हणून उसन्या फोनवर मालकिणीबद्दल लिहायचंच नाही. फार तर 'तुझा फोन लागला की बोलू' एवढं लिहावं आणि गप्प बसावं.

आता ते 500 रुपये. पैशांचा विषय निघाला की मावसभाऊ कितीही खरा वाटला तरी टायपिंग थांबवून फोन करावा, आणि तोही साधा. व्हॉट्सअ‍ॅपवरून नको. कुणी मावशीचं व्हॉट्सअ‍ॅप खातं पळवून दुसऱ्या फोनवर चालवत असेल तर व्हॉट्सअ‍ॅप कॉल त्या भामट्याकडेच जाईल. साधा कॉल मात्र सिमकार्डावर जातो आणि सिम मावशीकडेच असतं. कॉल दुसरीकडे वळवून ठेवण्याचीही युक्ती भामट्यांकडे असते, तेव्हा आवाज अनोळखी वाटला तर काकांना लावावा. पैसे पाठवण्याआधी यूपीआयवर ज्याचं नाव दिसतं तेही वाचावं. 'तुझ्या नंबरवर चुकून 6 आकडी कोड आलाय, तेवढा दे' अशी मागणी झाली, तर तो मावसभाऊ असूच शकत नाही. तो कोड आपलं स्वतःचं खातं उघडायची किल्ली असतो. मावशीला लगेच साध्या फोनवरून सांगायचं आणि पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार करायची.

आपल्या बाबतीत मावसभाऊ खराच होता. साधा कॉल केला, मागे कुकरची शिट्टी आणि 'कुणाचा रे फोन?' हा मावशीचा प्रश्न स्वच्छ ऐकू आला, त्याने 'राँग नंबर' सांगितलं, 500 रुपये गेले, साडीही ठरली. सकाळी सहाला मावशीच्या नावाखाली नेहमीप्रमाणे सूर्योदय झाला. मग गुलाब आला. त्याखाली सुविचाराच्या जागी एकच ओळ होती.

'जांभळा का नको रे?'