दोन डॅशबोर्ड, एक मेल आणि मॅडम

ऑफिसात एखाद्याचा दिवस घालवायचा असेल तर त्याला फक्त एवढंच विचारायचं, "दोन डॅशबोर्डवर कस्टमरचा आकडा वेगळा का दिसतोय?" प्रश्न एका ओळीचा, सीसीमध्ये अख्खं गाव, आणि खाली "थोडक्यात सांगा". थोडक्यात म्हणजे मॅडम लिफ्टमध्ये मोबाईलवर वाचणार आणि वरचा मजला येईपर्यंत त्यांना कळलं पाहिजे.

प्रकरण असं की जानेवारी ते मार्च या तिमाहीत सेल्सचा डॅशबोर्ड म्हणतोय कस्टमर १,२८४ आणि मार्केटिंगचा म्हणतोय ९२१. दोन्हीकडे वर ठळक अक्षरात "एकूण कस्टमर" असंच लिहिलंय, म्हणजे भांडणाची सोय आधीच करून ठेवलेली. सेल्सवाल्यांना अर्थातच त्यांचा आकडा खरा वाटतो, मोठा आहे ना!

असल्या वेळी लोक आधी डेटा करप्ट झाला म्हणून ओरडतात. मी गपचूप दोन्ही डॅशबोर्डच्या मागच्या क्वेऱ्या उघडल्या. सेल्सवाला दर महिन्याचे वेगवेगळे कस्टमर मोजत होता, जानेवारी ४१०, फेब्रुवारी ४३२, मार्च ४४२, आणि मग तिन्हींची सरळ बेरीज ठोकत होता. मार्केटिंगवाला पूर्ण तिमाहीत एक माणूस एकदाच धरत होता. महिन्याचे आकडे तिन्ही बरोबर आहेत हो, पण जो माणूस तिन्ही महिने खरेदी करतो तो बेरजेत तीनदा येतो. विक्रीच्या रकमेची बेरीज चालते, माणसांची अशी चालत नाही. पण हे नुसतं बोलून कोण ऐकणार, म्हणून कोण किती महिने आलं ते काढलं:

```sql
SELECT months, COUNT(*) FROM (
  SELECT customer_id,
         COUNT(DISTINCT order_month) AS months
  FROM orders_q1 GROUP BY customer_id
) t GROUP BY months;
```

एकाच महिन्यात आलेले ६७६, दोन महिने आलेले १३६, तिन्ही महिने आलेले ११२. आता दोनवाल्यांना दोनदा आणि तीनवाल्यांना तीनदा मोजा, बरोबर १,२८४. प्रत्येकाला एकदाच मोजा, ९२४. मी खुर्चीत मागे रेलणार एवढ्यात लक्षात आलं की मार्केटिंगवर ९२१ आहे. तीन माणसं गायब!

३६३ पैकी ३६० चा हिशोब लागला की शहाणा माणूस मेल पाठवून मोकळा होतो. पण सीसीमधलं कुणीतरी नेमकं त्या तिघांबद्दलच विचारणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मग दोन्हीकडच्या आयडींच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, आणि एकीकडे असून दुसरीकडे नसलेले सगळे निघाले तिमाहीच्या टोकांवरचे. सेल्सचा डॅशबोर्ड वेळ यूटीसीमध्ये धरतो, मार्केटिंगचा आपल्या घड्याळाप्रमाणे, आणि आपलं घड्याळ यूटीसीच्या पुढे. त्यामुळे एक एप्रिलच्या पहाटे ऑर्डर टाकणारे लोक सेल्सच्या मार्चमध्ये घुसले आणि एक जानेवारीच्या पहाटेचे काही डिसेंबरात ढकलले गेले. आत आलेले पाच, बाहेर गेलेले दोन, राहिले तीन. (झोप न येणाऱ्या ग्राहकांवर माझा तेव्हापासून राग आहे.)

आता मेल. पहिल्या खर्ड्यात मी "डिस्टिंक्ट काउंट नॉन-अ‍ॅडिटिव्ह असतो" असं अभिमानाने लिहिलं, वाचलं आणि खोडलं. मग हजेरीचं उदाहरण घातलं, की एक पोरगं तीन दिवस शाळेत आलं म्हणून वर्गात तीन पोरं होत नाहीत. शेवटी मेल असा गेला: "दोन्ही आकड्यांचं गणित बरोबर आहे, प्रश्न वेगळे आहेत. तिमाहीत किती माणसांनी खरेदी केली याचं उत्तर ९२१. १,२८४ मध्ये एकापेक्षा जास्त महिने आलेले लोक पुन्हा मोजलेत, त्याचा फरक ३६०. उरलेले ३ टाइमझोनचे. स्लाइडवर ९२१ घ्यावा, सेल्सच्या आकड्याचं नाव 'मासिक कस्टमरांची बेरीज' करावं."

मॅडमचा रिप्लाय लगेच आला. "ओके. पण मग बरोबर कुठला?"

मी पुन्हा लिहिलं, ९२१. त्यावर आठ माणसांनी थम्सअप दिला, त्यातल्या निम्म्यांनी मेल उघडला नसणार. संध्याकाळी मॅडम स्वतः डेस्कपाशी आल्या. "अरे, मागच्या तिमाहीला आपण स्लाइडवर १,१९० दाखवले होते. आता ९२१ टाकले तर वरचे म्हणतील कस्टमर पळाले."

तो १,१९० पण बेरजेचाच होता, म्हणजे मागचा आकडाही याच पद्धतीने काढून दोन्ही शेजारी लावल्याशिवाय तुलना करायची सोयच नव्हती. तिथेच उभ्या उभ्या क्वेरी चालवून दिली, मागची तिमाही आली ८६८. म्हणजे कस्टमर वाढलेत!

"छान," मॅडम म्हणाल्या, "आता हे सगळ्यांना एक मेल टाकून कळव ना. थोडक्यात."