'वरील' म्हणजे नक्की कुठे?

काल डेंटिस्टकडे नंबर लागायची वाट बघत बसले होते, तेवढ्यात सांगलीच्या भाच्याचा मेसेज. "मावशी, 43वा सोड ना, अर्जंट." सोबत सराव पेपरचा फोटो, त्यात फक्त प्रश्न 42 ते 45. प्रश्न होता, 'वरील आलेखानुसार शिक्षणाचा मासिक खर्च वाहतुकीपेक्षा किती रुपयांनी जास्त आहे?' वरील! फोटोच्या वर तर त्याच्या चादरीची फुलं होती.

मग चॅटमध्ये वर वर गेले. गुड मॉर्निंग, कुणाच्या तरी मुंजीचे फोटो, आणि त्यात एक गोल आलेख सापडला. एकूण खर्च 24,000, शिक्षण 20 टक्के, वाहतूक 15 टक्के. फरक 5 टक्के म्हणजे 1,200. पर्याय अ पण 1,200च! पाठवून टाकलं.

शेजारी एक गृहस्थ गालाला रुमाल लावून माझ्या मोबाइलमध्ये मान घालून बसलेले. म्हणाले, "ताई, 1,500 करा."
"का हो?"
"ब असतो. बहुतेक वेळा ब असतो."
"पण आलेख न बघता?"
"आलेख बघून माझा मेहुणा दोनदा नापास झाला."
यावर काय बोलणार! वर सुजलेल्या गालातून मला समजावायला लागले की 'वरील' म्हणजे ज्याने पेपर काढला त्याच्या डोक्याच्या वर, आणि मी चक्क मान डोलावली.

तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर भाचा: "मावशी, बँकेत इतकी वर्षं काय केलंस? उत्तर 1,800 आहे 😂". ग्रुपवर! अख्ख्या खानदानासमोर!

झालं असं होतं की मला सापडलेल्या आलेखावर बारीक अक्षरात 'प्र. 36 ते 40 साठी' लिहिलं होतं. 41 ते 45चा आलेख मधल्या पानावर होता आणि ते पान साहेबांनी पाठवलंच नव्हतं. त्यात एकूण 36,000 आणि आकडे अंशात, शिक्षण 72, वाहतूक 54. फरक 18 अंश, 360 पैकी, म्हणजे विसावा भाग, 1,800. आणि पेपरवाले इतके बेरकी की चुकीच्या आलेखाचं उत्तरही पर्यायात ठेवतात, म्हणजे आपण चुकलोय हे कळायची सोयच नाही. ती 'साठी'वाली ओळ तेवढी बघायची. मी बघितली नाही, मान्य. पण मधलं पान कोणी पाठवायचं?

त्याला लिहिलं, बाबा रे, आधी सूचनेच्या ओळीसकट आलेखाचा फोटो टाक, मग त्याच फोटोला रिप्लाय करून प्रश्न टाक, म्हणजे कुठला कुणाचा ते चिकटलेलं राहील. त्यावर अंगठा आला आणि पाच मिनिटांनी पुढचा फोटो. 'उताऱ्यातील लेखकाच्या मते दुष्काळाचे मुख्य कारण कोणते?' उतारा नाही, काही नाही.

गृहस्थांनी रुमाल बाजूला केला. "ब," म्हणाले.

मी ब पाठवला.