लेयर टूचे पैसे सात दिवसांआधी कुणीही ‘सोडवून’ देत नाही

«लेयर टूवरून मेन चेनवर पैसे काढले की ७ दिवस अडकवतात. तेवढे दिवस कंपनी तुमचे पैसे फिरवते. ७ दिवसांत सोडवले नाहीत तर बुडाले समजा. २ टक्के भरा, आजच सोडवून देतो.»

लेयर टू म्हणजे इथेरियम या क्रिप्टो ब्लॉकचेनच्या, म्हणजे इथल्या मेन चेनच्या, आधाराने चालणारी वेगळी चेन. वरचं ऐकून साखर पेठेतला माझा आतेभाऊ हे २ टक्के भरायला निघाला होता. म्हणून आधी शेवटच्याच वाक्याचं बघू.

अधिकृत ब्रिजवरून, म्हणजे एका चेनवरून दुसरीवर पैसे नेणाऱ्या सोयीवरून, एकदा काढायला टाकलेली रक्कम लवकर सोडवणं कुणाच्याच हातात नाही. मुदत इथेरियमवरच्या कॉन्ट्रॅक्टमध्येच, म्हणजे तिथे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्येच लिहिलेली असते, त्याआधी पैसे मागितले तर कॉन्ट्रॅक्ट तो व्यवहार फेटाळतो. फी मागणारा फी घेऊन पसार होईल, किंवा वॉलेटचे गुप्त शब्द मागून उरलेलंही नेईल.

थांबावं लागतं ते कशासाठी? ऑप्टिमिझम, आर्बिट्रम यांच्यासारख्या ऑप्टिमिस्टिक रोलअप प्रकारच्या लेयर टूमधले व्यवहार इथेरियम स्वतः पुन्हा तपासत नाही. रोलअप आपला हिशोब तिथे मांडतो आणि कुणी हरकत घेतली नाही तर तो खरा धरला जातो. ही हरकतीची मुदत, म्हणजे चॅलेंज पिरियड, साधारण आठवड्याची. मुदत तासाभराची असती तर लबाडाने तेवढा वेळ हरकतीचा व्यवहार अडवून धरला असता आणि खोटा हिशोब खपवला असता. इथेरियमच्या अधिकृत संकेतस्थळावर हे सविस्तर दिलंय. पैसे फिरवण्याची गोष्ट मनातून काढा. तुमचं इथर, म्हणजे इथेरियमचं चलन, त्या काळात ब्रिजच्या कॉन्ट्रॅक्टमध्येच असतं.

भाऊ घाबरला त्याचं कारण वेगळं होतं. “दादा, दोन्हीकडे बॅलन्स शून्य दाखवतंय!” सोमवारी संध्याकाळी त्याने ऑप्टिमिझमच्या ओपी मेननेट या चेनवरून पैसे काढायला टाकले. तिथली रक्कम लगेच वजा झाली, इथेरियमवर अजून जमा व्हायची होती. मधल्या काळात असंच दिसतं. पण तिथे त्याने करायची एक पायरी राहिली होती. हिशोब इथेरियमवर मांडला गेला की ब्रिजच्या पानावर `Prove` करावं लागतं, म्हणजे आपला व्यवहार त्या हिशोबात असल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि सात दिवस तिथून मोजतात. त्याने ते बुधवारी रात्री दहाला केलं, म्हणजे सोमवार-बुधवारचे दोन दिवस फुकट गेले. आर्बिट्रमवर ही मधली पायरी नाही.

मुदत संपल्यावर बुडण्याचा प्रश्नच नाही. महिनाभराने मागितले तरी मिळतात. क्वचित ब्रिजच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये बदल झाला तर `Prove` पुन्हा करावं लागतं, २०२४ मध्ये ओपी मेननेटवर तसं झालं होतं.

एवढं मात्र मान्य करावं लागेल की काही मिनिटांत पैसे देणारे ब्रिज खरंच आहेत. ते स्वतःजवळचे पैसे आधी देतात आणि त्याची फी घेतात. पण तो रस्ता सुरुवातीलाच धरावा लागतो. अधिकृत ब्रिजवर टाकून झाल्यावर ते मदत करत नाहीत.

आता पुढच्या बुधवारी रात्री दहानंतर भावाने `Finalize` करायचंय, म्हणजे पैसे प्रत्यक्ष मागून घ्यायचेत. त्याचा गॅस, म्हणजे व्यवहाराची फी, इथेरियमवरच भरावा लागतो आणि तिथे त्याच्याकडे काहीच शिल्लक नाही, म्हणून थोडं इथर मी आजच पाठवून ठेवलंय.